आरएफपीतल्या गुणतक्त्याचा हिशेब: छोट्या फर्मने बोली कशी आखावी

आरएफपी, म्हणजे प्रस्ताव मागवणारी निविदा, हातात आली की बहुतेक छोट्या फर्म कामाची व्याप्ती आधी वाचतात, मग आपण काय काय करू शकतो याची यादी करतात, आणि शेवटच्या दोन दिवसांत दर ठरवतात. मूल्यमापनाचं प्रकरण कुणीतरी वरवर चाळलेलं असतं. माझं म्हणणं असं, की क्रम उलटा हवा. गुण कसे देणार हे आधी समजून घ्या, त्याचा हिशेब एका शीटवर मांडा आणि मगच प्रस्तावाचं पहिलं वाक्य लिहा. गुणतक्ता तुम्हाला कुठल्या गोष्टीवर पैसे खर्च करायचे, कुठे पानं खर्च करायची आणि कुठल्या निविदेच्या वाटेलाच जायचं नाही, हे सांगतो. पण तो हे सरळ सांगत नाही, काढून घ्यावं लागतं.

इथे मी दर्जा आणि किंमत दोन्ही मोजणाऱ्या निवडपद्धतीबद्दल लिहितोय. सेवा, सॉफ्टवेअर, सल्ला, प्रशिक्षण अशा कामांच्या आरएफपीत ती सर्रास दिसते: तांत्रिक प्रस्तावाला गुण, आर्थिक प्रस्तावाला गुण, दोन्हींना ठरलेला भार आणि बेरजेत जो पहिला त्याला काम. फक्त सर्वांत कमी दर बघणाऱ्या निविदांना यातलं फारसं लागू नाही.

आधी सगळे तुकडे गोळा करा

गुणयोजना एकाच पानावर असेल अशी आशा धरू नका. मुख्य तक्ता मूल्यमापनाच्या प्रकरणात असतो. उपनिकष पुष्कळदा जोडपत्रात असतात. 'समान स्वरूपाचं काम' म्हणजे काय, याची व्याख्या भलत्याच ठिकाणी, पात्रतेच्या अटींत किंवा व्याख्यांच्या यादीत सापडते. किमतीचं सूत्र आर्थिक प्रस्तावाच्या नमुन्यापाशी दडलेलं असतं. आणि हे सगळं वाचून झाल्यावर शुद्धिपत्रक येतं आणि त्यातला एखादा आकडा बदलतो. म्हणून स्वतःचा एक तक्ता करा. त्यात निकष, कमाल गुण, गुण देण्याची रीत, लागणारा पुरावा आणि तो नियम कुठल्या पानावर आहे, एवढे रकाने पुरेत. पानाचा रकाना कंटाळवाणा वाटतो, पण शेवटच्या रात्री वाद होतो तेव्हा तोच उपयोगी पडतो.

हे करताना पात्रता आणि गुण यांची गल्लत होऊ देऊ नका. पात्रतेच्या अटी हो किंवा नाही अशा असतात. त्यात एक जरी चुकली तरी पुढचं कुणी वाचत नाही. त्या वेगळ्या यादीत ठेवा आणि आधी तपासा. उलाढाल ही एकच गोष्ट दोन्हीकडे असू शकते: अमुकपेक्षा कमी तर अपात्र, आणि त्याहून जास्त असेल तर पायरीपायरीने गुण.

मग प्रत्येक निकषासमोर तो कुठल्या जातीचा आहे ते लिहा. काही गुण मोजणीचे असतात, म्हणजे प्रत्येक पूर्ण कामाला इतके. काही पायऱ्यांचे असतात, म्हणजे पाच ते दहा वर्षांच्या अनुभवाला सहा आणि दहाच्या वर पूर्ण दहा. आणि काही मताचे असतात: कार्यपद्धती, कामाचा आराखडा, सादरीकरण. पहिल्या दोन जातींत तुमची भाषा कितीही गोड असली तरी गुण हलत नाहीत. तिथे फक्त कागद बोलतो. तिसऱ्या जातीत मात्र लिहिण्यालाच किंमत असते. छोट्या फर्मची निम्मी मेहनत वाया जाते ती हा फरक न केल्याने. अनुभवाच्या निकषावर दहा पानं वर्णन लिहिलं जातं, जिथे खरं तर दोन पूर्णत्वाचे दाखले पुरेसे होते.

एक उदाहरण घेऊ

सात माणसांची एक सॉफ्टवेअर फर्म आहे असं समजा. एका सार्वजनिक संस्थेला तक्रारनोंदणीची प्रणाली हवी आहे आणि सोबत दोन वर्षांची देखभाल. चलन कुठलंही धरा, आकडे लाखांत आहेत. तांत्रिक भार ७० टक्के, आर्थिक ३०. तांत्रिक प्रस्ताव १०० गुणांचा, आणि त्यात ७० पेक्षा कमी मिळाले तर आर्थिक लिफाफा उघडलाच जाणार नाही.

१०० गुणांची वाटणी अशी: समान कामांचा अनुभव २५ (प्रत्येक कामाला ५, कमाल पाच कामं), उलाढाल १० (तीन पायऱ्या: ४, ७, १०), कार्यपद्धती ३० (दहा-दहा गुणांचे तीन उपनिकष), मुख्य मनुष्यबळ २५, सादरीकरण १०. कार्यपद्धतीत शेरे ठरलेले आहेत: असमाधानकारक म्हणजे ४० टक्के, समाधानकारक ७०, चांगला ९०, उत्कृष्ट १००.

आता स्वतःला गुण द्या. हे काम निर्दयपणे करायचं. फर्मच्या खात्यात अशी चार कामं आहेत, पण व्याख्येत 'गेल्या पाच वर्षांत पूर्ण झालेलं आणि किमान २० लाखांचं' असं म्हटलंय. एक काम अजून चालू आहे, एक १२ लाखांचं. उरली दोन, म्हणजे १० गुण. उलाढाल खालच्या पायरीत, ४ गुण. मनुष्यबळात प्रकल्प व्यवस्थापकाला १० पैकी ६, कारण त्याला आठ वर्षं झाली आहेत आणि पूर्ण गुणांसाठी दहा लागतात. तांत्रिक प्रमुखाला ८ पैकी ८. प्रशिक्षकाकडे मागितलेलं प्रमाणपत्र नाही, म्हणून ७ पैकी ३. मनुष्यबळाचे झाले १७. कार्यपद्धतीत तिन्ही उपनिकषांना 'चांगला' शेरा मिळेल असं धरलं तर २७. सादरीकरणाचे ८. बेरीज ६६.

म्हणजे बऱ्यापैकी चांगला प्रस्ताव लिहूनही ही फर्म उंबरठ्याच्या बाहेर. दर कितीही कमी लावला तरी तो लिफाफा कुणी उघडणार नाही. ही गोष्ट तीन आठवडे राबून झाल्यावर नव्हे, पहिल्या दिवशी कळायला हवी.

स्वतःला गुण देताना एक नियम पाळा: ज्या गुणासमोर आज हातात कागद नाही, तो गुण शून्य. 'दाखला मागवलाय, येईल' हे वेगळ्या रंगाने लिहा आणि बेरजेत धरू नका.

एका गुणाचा भाव काढा

सगळ्यात उपयोगाचा भाग हाच आहे, त्यामुळे इथे जरा थांबू. तांत्रिक गुण आणि पैसा या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात, पण सूत्र त्यांना एकाच बेरजेत घालतं. म्हणजे त्यांच्यात विनिमयाचा दर असतोच, तो फक्त छापलेला नसतो.

किमतीचं सर्वांत प्रचलित सूत्र असं: आर्थिक गुण म्हणजे सर्वांत कमी किंमत भागिले तुमची किंमत, गुणिले १००. जागतिक बँकेच्या सल्लागार-निवडीच्या नमुना दस्तऐवजातही हेच रूप दिसतं. आपल्या फर्मचा मूळ दर ५० लाख आहे आणि सर्वांत स्वस्त स्पर्धक ४० लाखांच्या आसपास येईल असा अंदाज आहे. मग आर्थिक गुण ८०, आणि ३० टक्के भाराने एकूण बेरजेत २४.

दर एक लाखाने कमी केला, ४९ केला, तर आर्थिक गुण ८१.६३ होतात. बेरजेत वाढ सुमारे ०.४९. तांत्रिक एक गुण वाढला तर बेरजेत ०.७० ची वाढ. ०.७० भागिले ०.४९ म्हणजे साधारण १.४. तात्पर्य, या निविदेत, या किमतीच्या आसपास, एका तांत्रिक गुणाचा भाव १.४ लाख आहे. एखादा गुण यापेक्षा स्वस्तात मिळत असेल तर विकत घ्या. महाग पडत असेल तर तो सोडून तेवढा दर उतरवा.

हा भाव स्थिर नसतो. तुमची किंमत जितकी वर, तितका एक लाख उतरवल्याचा परिणाम कमी, म्हणून गुणाचा भाव वाढत जातो. याच उदाहरणात ५६ लाखांपाशी तो १.८ लाख होतो. म्हणून दर बदलला की भाव पुन्हा काढा.

सूत्रावर बारीक नजर हवी ती यासाठीच. काही आरएफपींमध्ये सरळ वजावटीचं सूत्र असतं: सर्वांत कमी किमतीच्या तुम्ही जितके टक्के वर, तितके गुण शंभरातून वजा. ४० च्या तुलनेत ५० लाख म्हणजे २५ टक्के वर, म्हणून ७५ गुण. इथे एक लाख उतरवला की आर्थिक गुण अडीचने वाढतात, बेरीज ०.७५ ने, आणि तांत्रिक गुणाचा भाव घसरून ०.९३ लाखावर येतो. भार तोच ७०-३०, पण किंमत बरीच कडक झाली. 'सत्तर-तीस आहे, म्हणजे दर्जाला महत्त्व आहे' एवढ्यावर समाधान मानणाऱ्यांची फसगत होते ती इथेच.

आणखी एक बारकावा. छापलेला भार आणि प्रत्यक्ष ताकद यात फरक पडतो. ७० ची अट पार केलेल्यांचे तांत्रिक गुण सहसा ७० ते ९० च्या पट्ट्यात येतात असं धरू. हा २० गुणांचा फरक, सत्तर टक्क्यांनी १४. किमती ४० ते ६० लाखांत पसरल्या, तर आर्थिक गुणांत ३३ चा फरक, तीस टक्क्यांनी १०. म्हणजे निकाल हलवण्याची ताकद १४ विरुद्ध १०. सत्तर-तीस नव्हे, जवळजवळ अठ्ठावन्न-बेचाळीस.

काही ठिकाणी तांत्रिक गुणही सर्वोच्च गुणांच्या प्रमाणात पुन्हा मोजले जातात, म्हणजे ज्याला सर्वांत जास्त त्याला १०० धरून. मग प्रत्येक गुण थोडा फुगतो. ते वाक्य तुमच्या आरएफपीत आहे का, एवढं जरूर बघा.

गुण कुठून विकत घ्यायचे

आपल्या फर्मकडे तीन रस्ते आहेत. दहा वर्षांहून जास्त अनुभवाचा व्यवस्थापक कराराने आणला तर ४ गुण वाढतात, खर्च ३ लाख. प्रशिक्षणासाठी प्रमाणपत्र असलेली व्यक्ती घेतली तर आणखी ४ गुण, खर्च १ लाख. आणि एखाद्या मोठ्या फर्मशी कन्सोर्शियम केलं, म्हणजे दोघांनी भागीदारीत एकच बोली लावली, तर तिची दोन पूर्ण कामं मोजली जाऊन १० गुण आणि उलाढाल वरच्या पायरीत जाऊन ३, असे १३ गुण. समन्वयाचा आणि कागदपत्रांचा जादा खर्च २ लाख धरू.

व्यवस्थापकाचा भाव गुणामागे पाऊण लाख, प्रशिक्षकाचा पाव लाख. दोन्ही १.४ च्या खाली आहेत, दोन्ही घ्यावेत. तांत्रिक गुण ७४ होतात, किंमत ५४ लाख. उंबरठा ओलांडला. पण जिंकता येईल का? त्यासाठी स्पर्धकही शीटवर हवेत. एक मोठी कंपनी: ८८ गुण, ६० लाख. एक स्वस्त स्पर्धक: ७१ गुण, ४० लाख. पहिल्या रकान्यात नाव, दुसऱ्यात तांत्रिक गुण, तिसऱ्यात किंमत, आणि चौथ्यात हे सूत्र:

```
=0.7*B2+0.3*100*MIN(C$2:C$4)/C2
```

मोठ्या कंपनीचे ८१.६, स्वस्त स्पर्धकाचे ७९.७ आणि आपले ७४.०. तिसरा नंबर. उंबरठा पार करणं आणि जिंकणं यातलं अंतर या एका ओळीत दिसतं. आता कन्सोर्शियम धरा: गुण ८७, किंमत ५६. बेरीज ८२.३. पहिला नंबर, पण मोठ्या कंपनीपेक्षा पाऊण गुणानेच.

स्पर्धकांचे आकडे कुठून आणायचे हा प्रश्न रास्त आहे. त्याच संस्थेच्या आधीच्या निविदांचे निकाल जाहीर झाले असतील तर ते बघा. तसे नसतील तर तीन-चार वेगवेगळे अंदाज घालून शीट हलवून बघा. नेमका आकडा कुणालाच कळत नाही. सर्वांत कमी किंमत ३५ धरली आणि ४५ धरली तरी तुमचा निर्णय तोच राहतो का, हे तपासायचं असतं. राहत असेल तर पुढे चला.

इथे एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. 'सर्वांत कमी किंमत' ही तांत्रिकदृष्ट्या पात्र ठरलेल्यांमधली असते, कारण बाकीच्यांचे लिफाफे उघडतच नाहीत. आपल्या उदाहरणातला स्वस्त स्पर्धक ७१ वर आहे, म्हणजे काठावर. तो ६९ वर घसरला तर तो खेळातून बाद, आणि सर्वांत कमी किंमत एकदम आपली ५६ लाख होते. आपली बेरीज मग ९०.९ आणि मोठ्या कंपनीची ८९.६. उलट तुम्हीच सर्वांत स्वस्त असाल, तर दर आणखी उतरवून स्वतःचे गुण वाढत नाहीत, ते आधीच १०० आहेत. फक्त इतरांचे कमी होतात. तिथे दर उतरवायचा मोह आवरता घ्यावा, कारण फायदा तोकडा आणि तोटा दोन वर्षं सोसायचा. शिवाय काही ठिकाणी अवाजवी कमी दराचं स्पष्टीकरण मागतात, ते पटलं नाही तर प्रस्ताव बाद होतो.

कन्सोर्शियम करण्याआधी

१३ गुण २ लाखांत, हे कागदावर फार छान दिसतं. म्हणूनच आधी नियम वाचा. कन्सोर्शियमला मुळात परवानगी आहे का? भागीदारांचा अनुभव एकत्र मोजतात की फक्त मुख्य भागीदाराचा? उलाढालीची बेरीज होते की प्रत्येकाने स्वतंत्रपणे किमान आकडा गाठायचा? मुख्य भागीदार कोण असावा याला अट आहे का? यातल्या एका उत्तराने १३ चे ३ होऊ शकतात. त्याखेरीज बहुतेक करारांत सगळे भागीदार मिळून आणि प्रत्येकजण एकेकटाही पूर्ण जबाबदार असतो. तुमचा भागीदार अर्ध्यात निघून गेला तर उरलेलं काम तुमच्या गळ्यात. सात माणसांच्या फर्मने हे डोळे उघडे ठेवून स्वीकारावं किंवा नाकारावं.

उसनवार व्यवस्थापकाबाबतही तसंच. मूल्यमापनात गुण मिळवून देणारी व्यक्ती काम सुरू झाल्यावर बदलायची असेल, तर तितक्याच किंवा जास्त पात्रतेची माणसं द्यावी लागतील आणि ग्राहकाची परवानगी घ्यावी लागेल, अशी अट सहसा असते. त्या व्यक्तीकडून 'काम मिळालं तर मी उपलब्ध असेन' असं सही केलेलं पत्र घ्या. तिचा बायोडेटा दुसऱ्या कुणाच्या प्रस्तावातही आहे का, हे स्पष्ट विचारा. काही आरएफपींत असा दुहेरी बायोडेटा दोन्ही प्रस्तावांना भोवतो.

मुख्य मनुष्यबळाचे गुण हा छोट्या फर्मचा सर्वांत जवळचा मार्ग असतो, कारण जुना अनुभव विकत मिळत नाही, माणूस मिळतो. सल्लागारी कामांत तर हे फारच खरं. जागतिक बँकेच्या चौकटीत संस्थेच्या अनुभवाला जास्तीत जास्त १० गुण असत आणि मुख्य तज्ज्ञांना ३० ते ६०. ज्या आरएफपीत फर्मच्या जुन्या कामांना ४० आणि माणसांना १० आहेत, ती छोट्यांसाठी लिहिलेली नाही हे ओळखून पुढच्या आरएफपीकडे वळावं.

प्रश्न कसे विचारायचे

प्री-बिड बैठकीआधी लेखी प्रश्न पाठवायची मुदत असते. तुमच्या तक्त्यात जिथे दोन अर्थ निघतात, तिथेच प्रश्न विचारा. 'एकाच ग्राहकासाठी दोन स्वतंत्र वर्क ऑर्डरवर झालेलं काम एक मोजणार की दोन?' हा चांगला प्रश्न. 'अनुभवाची अट शिथिल करावी' हा प्रश्न नव्हे, विनंती आहे, आणि तिचं उत्तर बहुधा 'आरएफपीप्रमाणे' असं येतं.

उत्तरं सगळ्या स्पर्धकांना जातात हे विसरू नका. तुमची बाजू उघडी पडेल असा तपशील प्रश्नात घालू नका. आणि एक कायमचा पेच: अर्थ तुमच्या बाजूने लागतोय, पण शंका आहे, विचारलं तर उत्तर उलटं यायची भीती. माझा ठोकताळा असा, की त्या अर्थावर तुमची पात्रता किंवा उंबरठा अवलंबून असेल तर विचाराच. दोन-तीन गुणांचाच प्रश्न असेल तर आपला अर्थ धरून चालावं.

उपनिकषांना किती गुण हे छापलेलं नसेल तर तेही विचारा. उत्तर मिळालं नाही, तर सगळे सारख्या वजनाचे धरा आणि एकही रिकामा ठेवू नका.

आता लिहायला बसा

मताच्या गुणांचा भाव काढल्यावर लिहिण्याकडे बघायची नजर बदलते. आपल्या उदाहरणात एका उपनिकषाचा शेरा 'समाधानकारक'वरून 'चांगला' झाला तर २ गुण वाढतात, बेरजेत १.४. तेवढीच वाढ दर कमी करून मिळवायची तर ५६ लाखांवरून साडेबावन्नावर यावं लागेल. म्हणजे एका शेऱ्याची किंमत साडेतीन लाख. तिन्ही उपनिकषांत 'समाधानकारक'च मिळालं तर बेरीज ७८.१ होते आणि फर्म पुन्हा तिसरी. ते भरून काढायला दर नऊ लाखांहून जास्त उतरवावा लागला असता. प्रस्ताव लिहिणाऱ्याला दोन दिवस जास्त द्यायचे की नाही, हे यानंतर वेगळं सांगावं लागत नाही.

मूल्यमापन करणाऱ्याच्या हातात एक फॉर्म असतो, त्यात ओळीनिहाय निकष आणि समोर रिकामा रकाना. तुमच्या प्रकरणांची शीर्षकं त्याच क्रमाने, त्याच शब्दांत ठेवा. त्याला शोधाशोध करावी लागली तर गुण तुमचेच जातात.

मग निकषाचं वाक्य फोडा. समजा तिथे लिहिलंय: 'कार्यपद्धती जुन्या नोंदींच्या स्थलांतरातील जोखमींचा विचार करणारी असावी.' यात तीन प्रश्न आहेत: स्थलांतर कसं करणार, जोखीम कुठली, ती आली तर काय. पुष्कळ प्रस्तावांत उत्तर असं असतं:

'आमच्या अनुभवी चमूकडे डेटा स्थलांतराची सिद्ध कार्यपद्धती असून सर्व जोखमींचे योग्य नियोजन केले जाईल.'

यात मूल्यमापकाला टिपून घ्यावं असं काहीच नाही. हेच असं लिहिता येतं:

'पहिल्या दोन आठवड्यांत जुन्या प्रणालीतल्या ५०० नोंदी नमुना म्हणून हलवून आपल्या कर्मचाऱ्यांसोबत तपासू. जुन्या नोंदींत एकाच तक्रारदाराचे नाव वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेले असणे ही मुख्य जोखीम आम्ही धरली आहे. नमुन्यात २ टक्क्यांहून जास्त चुका आढळल्या तर पूर्ण स्थलांतर थांबवून नियम दुरुस्त करू. त्यासाठी आराखड्यात एक आठवडा राखून ठेवला आहे. स्थलांतर पूर्ण होईपर्यंत जुनी प्रणाली वाचनासाठी चालू राहील.'

दुसऱ्या उताऱ्यात आकडा आहे, मर्यादा आहे, ती ओलांडली तर काय हे आहे, आणि वेळापत्रकात त्याला जागाही आहे. शेरा लिहिणाऱ्याला 'चांगला' लिहायचं कारण हातात मिळतं. अर्थात हे आकडे आराखड्याशी आणि दरपत्रकाशी जुळले पाहिजेत. एक आठवडा राखीव आहे असं लिहून वेळापत्रकात तो नसेल तर उलटा परिणाम होतो.

पानांची मर्यादा असेल तर ती मताच्या निकषांना वाटा, त्यांच्या गुणांच्या प्रमाणात. मोजणीच्या निकषांना एक पान पुरतं: कामाचं नाव, किंमत, पूर्ण झाल्याची तारीख आणि जोडपत्राचा पानक्रमांक. एक खबरदारी मात्र इथेच घ्या. तांत्रिक प्रस्तावात, जोडलेल्या वर्क ऑर्डरमध्ये नव्हे तर तुमच्या मजकुरात, या कामाच्या किमतीचा एकही आकडा जाऊ देऊ नका. दोन लिफाफ्यांच्या पद्धतीत तांत्रिक लिफाफ्यात दर उघड झाला की प्रस्ताव बाद, आणि हे बहुधा मनुष्यदिवसांच्या तक्त्यात राहून गेलेल्या एखाद्या रकान्यामुळे होतं.

पाठवण्याआधी परक्या नजरेने गुण

प्रस्ताव लिहिण्यात नसलेल्या एखाद्याला कोरा गुणतक्ता आणि प्रस्ताव द्या, आणि तास-दीड तासात गुण द्यायला सांगा. त्याला काहीही समजावून सांगू नका. जिथे तो पानं उलटत बसतो, तिथे संदर्भ चुकलाय. जिथे तो तुमच्यापेक्षा कमी गुण देतो, तिथे कारण विचारा आणि तेवढंच दुरुस्त करा. त्याचे गुण शीटमध्ये घालून बघा. बेरीज अजून जिंकण्याजोगी असेल तर दर तसाच ठेवा. नसेल, तर आधी स्वस्तातला गुण शोधा आणि तो न मिळाल्यासच दराला हात लावा. दर उतरवताना तुमची खालची मर्यादा आधीच लिहून ठेवलेली असावी, म्हणजे शेवटच्या संध्याकाळी ती सरकत नाही.

निकाल लागला, जिंकलात किंवा हरलात, की निकषनिहाय गुण मागून घ्या. बऱ्याच संस्था लेखी विचारल्यावर निदान तुमचे स्वतःचे गुण देतात. ते तुमच्या अंदाजाशेजारी ओळीनिहाय मांडा. मोजणीच्या निकषात फरक पडला असेल, तर तुम्ही व्याख्या चुकीची वाचली किंवा कागद अपुरा होता. मताच्या निकषात पडला असेल, तर पुढच्या वेळी तिथे स्वतःला एक शेरा कमी धरून हिशेब सुरू करा.